अँटेना घट्ट बसतो पण वायफाय पडवीपर्यंतही येत नाही: एसएमए आणि आरपी-एसएमएचा घोळ कसा ओळखायचा

राउटरचा अँटेना बदलला किंवा अँटेना बाहेर नेण्यासाठी मध्ये केबल टाकली आणि त्यानंतर वायफाय वाढायच्या ऐवजी कमीच झालं, असं ज्यांच्याकडे झालंय त्यांच्यासाठी हे लिहितोय. मी फोंडा, डिचोली, पेडणे या पट्ट्यात नेटवर्क आणि कॅमेऱ्यांची कामं करतो आणि ही एकच भानगड इतक्या घरांत, इतक्या गेस्टहाऊसमध्ये निस्तरलीय की आता राउटर उघडण्याच्या आधी, कुठलंही सेटिंग बघण्याच्या आधी, मी टॉर्च घेऊन अँटेनाचं बूड बघतो. लोकांनी तोपर्यंत राउटर तीनदा रिसेट केलेला असतो, चॅनेल बदललेला असतो, काहींनी नवीन राउटरसुद्धा आणलेला असतो, आणि खरा दोष असतो तो दिसायला करंगळीच्या नखाएवढ्या सोनेरी कनेक्टरमध्ये.

आधी लक्षणं सांगतो, म्हणजे तुमची अडचण हीच आहे का ते कळेल.

राउटर ज्या खोलीत आहे तिथे सगळं ठीक चालतं, पण चिऱ्याची एक भिंत ओलांडली की सिग्नल एकदम पडतो. आपल्याकडची जुनी घरं जाड चिऱ्याची, त्यामुळे भिंतीमागे सिग्नल कमी होणं हे तसं नेहमीचंच, म्हणून लोक भिंतीला दोष देऊन गप्प बसतात. पण आधी त्याच भिंतीमागे बरं चालत होतं आणि अँटेना बदलल्यावर बिघडलं, तर भिंत काही रातोरात जाड झालेली नाही. दुसरं लक्षण म्हणजे नवीन अँटेनाचा नट एकतर अगदी सुळकन पूर्ण बसतो आणि तरी सिग्नल नाही, किंवा थोडा फिरून मध्येच अडतो आणि जोर लावावा लागतो. तिसरं, अँटेना हाताने जरा हलवला की फोनवरचा सिग्नल वरखाली होतो. आणि सगळ्यात पक्कं लक्षण म्हणजे अँटेना काढून ठेवला काय आणि लावला काय, सिग्नल जवळपास तेवढाच राहतो. हे शेवटचं दिसलं की मी पुढचं फारसं काही विचारत नाही.

आणि एक सांगून ठेवतो, फोनवर वायफायच्या कांड्या पूर्ण आहेत पण नेट चालत नाही, अशी तक्रार असेल तर हा दोष तुमचा नाही, तुमची लाइन किंवा सेटिंग बघा, अँटेनाला हात लावू नका.

हे दोन प्रकार आहेत तरी काय

एसएमए हा साठच्या दशकातला जुना कनेक्टर, रेडिओ आणि मोजमापाच्या यंत्रांवर वापरायचा, छोटा, आट्यांचा, ५० ओहमचा. त्यात साधा नियम असा की ज्याला आतून आटे असलेला फिरता नट आहे त्याच्या मध्यभागी पिन असते, तो मेल. आणि ज्याला बाहेरून आटे आहेत त्याच्या मध्यभागी भोक असतं, तो फिमेल. पिन भोकात जाते, नट आट्यांवर बसतो, काम झालं.

आरपी-एसएमएमध्ये फक्त मधला भाग अदलाबदल केलेला आहे. बाहेरून आटे असलेल्याच्या मध्ये पिन आणि आतून आटे असलेल्या नटाच्या मध्ये भोक. आटे तेच, माप तेच, नटाला लागणारा ८ मिमीचा पान्हाही तोच. नावात रिव्हर्स पोलॅरिटी आहे म्हणून लोकांना वाटतं की वीज उलटी जाते, प्लस-मायनस बदलतं, तसं काहीच नाही. मधली तार मधल्या तारेलाच आणि बाहेरचं कवच कवचालाच जोडलेलं असतं. उलटं आहे ते फक्त पिन कोणाकडे आणि भोक कोणाकडे एवढंच.

असं मुद्दाम का केलं तर अमेरिकेच्या एफसीसीच्या नियमांमध्ये, भाग १५ मध्ये १५.२०३ असं एक कलम आहे. बिनपरवाना चालणाऱ्या रेडिओ उपकरणाला बाजारात सहज मिळणारा कनेक्टर देऊ नये, म्हणजे कोणीही उठून भलामोठा अँटेना लावून मर्यादेपेक्षा जास्त ताकदीने सिग्नल फेकणार नाही, असा त्यामागचा विचार. म्हणून वायफाय बनवणाऱ्यांनी साधा एसएमए न घेता हा उलटा प्रकार घेतला. तेच राउटर जगभर विकले गेले. आता आरपी-एसएमए कुठेही मिळतो, त्यामुळे मूळ हेतू फारसा उरला नाही, पण दोन सारखे दिसणारे आणि एकमेकांवर चढणारे कनेक्टर मात्र आपल्या गळ्यात पडले.

एकमेकांवर चढणारे, हाच सगळा त्रास आहे. ते चढलेच नसते तर कोणाला चूक झाली नसती. चुकीच्या जोड्या दोनच होतात आणि दोन्ही वेगळ्या तऱ्हेने वागतात, म्हणून त्या नीट समजून घ्या.

पहिली जोडी म्हणजे भोकावर भोक. उपकरणावर एसएमए फिमेल आणि अँटेना आरपी-एसएमए मेल. नट पूर्ण बसतो, हाताला अगदी बरोबर लागतो, पण आत मधल्या दोन तारांमध्ये फट राहते, धातूला धातू लागतच नाही. गंमत म्हणजे सिग्नल तरीही पूर्ण मरत नाही. २.४ गिगाहर्ट्झला ती छोटी फट थोडीफार ऊर्जा पलीकडे जाऊ देते, शिवाय राउटरचं बोर्डही थोडं फेकत असतं, म्हणून जवळ चालतं आणि लांब चालत नाही. माणूस फसतो तो इथेच, कारण पूर्ण बंद पडलं असतं तर त्याने लगेच अँटेना तपासला असता.

दुसरी जोडी म्हणजे पिनेवर पिन. राउटरवर आरपी-एसएमए फिमेल, म्हणजे बाहेरून आटे आणि मध्ये पिन, आणि वर चढवला साधा एसएमए मेल, त्याच्याही मध्ये पिन. दोन्ही पिना समोरासमोर येतात. एसएमएची पिन जेमतेम ०.९ मिमी जाडीची असते. ती वाकते, नाहीतर समोरची पिन मागे ढकलली जाते, नाहीतर राउटरच्या बोर्डावरचं सोल्डर तडकतं. कधी दोन टोकं एकमेकांना टेकतात आणि सिग्नल चांगला येतो, मग दोन दिवसांनी गरमी-थंडीने जरा सरकलं की गेला. ही जोडी जास्त वाईट, कारण इथे नुसतं चालत नाही एवढंच नाही, तर वस्तू खराब होते आणि नंतर बरोबर अँटेना आणून लावला तरी दुखणं राहतं.

तपासणी, फुकटपासून सुरू करून

सगळ्यात आधी डोळ्यांनी बघा. राउटरचा प्लग काढा, मगच अँटेना उलटा फिरवून सोडवा. बंद करायला सांगतोय कारण अँटेना नसताना राउटरने फेकलेली ताकद परत मागे येते. घरच्या राउटरची ताकद साधारण १०० मिलीवॉटच्या आसपास, मिनिटभराने तो बहुधा मरत नाही, पण छपरावरचे जास्त ताकदीचे रेडिओ असतील तर तिथे खेळू नका, आणि सवय एकच ठेवलेली बरी. अँटेना सुटतच नसेल, नुसता बिजागरीवर वळत असेल, तर तो फिक्स आहे. आजकालच्या बऱ्याच घरगुती राउटरांचे अँटेने निघतच नाहीत, पिळलात तर आतली वायर तुटेल.

सुटला की टॉर्च लावा आणि दोन्ही बाजूंना दोनच प्रश्न विचारा. आटे बाहेर की आत? मध्ये पिन की भोक? मेल-फिमेल, आरपी वगैरे डोक्यातून काढून टाका, त्यानेच गोंधळ होतो. आटे बाहेर आणि पिन असेल तर आरपी-एसएमए फिमेल, हे वायफाय राउटरवर नेहमी दिसतं. आटे आत आणि भोक असेल तर आरपी-एसएमए मेल, हे वायफाय अँटेनावर. आटे बाहेर आणि भोक असेल तर एसएमए फिमेल, हे फोरजीच्या सिमवाल्या राउटरवर, जीपीएसवर असतं. आटे आत आणि पिन असेल तर एसएमए मेल, हे फोरजीच्या अँटेनावर. जोडी बरोबर असण्याची खूण एकच, एकाकडे आटे बाहेर तर दुसऱ्याकडे आत, आणि एकाकडे पिन तर दुसऱ्याकडे भोक. दोन्हींकडे पिन किंवा दोन्हींकडे भोक दिसलं तर इथेच थांबा, दोष सापडला.

बघताना एक चूक होते ती सांगतो. भोक हे नेहमी काळं खोल दिसत नाही. पांढऱ्या प्लास्टिकसारख्या टेफ्लॉनच्या मधोमध एक सोनेरी नळी असते आणि घाईत बघितलं तर ती पिनच वाटते. म्हणून सरळ समोरून बघा, आणि डोळ्यांना जमत नसेल तर मोबाइलने फोटो काढून मोठा करा. नळीच्या मध्ये काळा ठिपका दिसला तर भोक, टोक गोल किंवा निमुळतं होऊन पुढे आलेलं दिसलं तर पिन. माझ्या वयाला आता मी फोटोवरच विश्वास ठेवतो.

पाकिटावर काय लिहिलंय त्याच्यावर मात्र विश्वास ठेवू नका. काही विकणारे पिन बघून मेल म्हणतात, काही नट बघून मेल म्हणतात, त्यामुळे एकाच वस्तूला दोन दुकानांत दोन नावं मिळतात. फोटो आणि प्रत्यक्ष वस्तू हेच खरं.

मग उपकरणावरचं लेबल वाचा. फायबर न पोचलेल्या गावांत सिम घालायचे राउटर भरपूर लागलेत. त्यातल्या काहींवर दोन्ही जाती शेजारी शेजारी असतात, फोरजीसाठी एसएमए आणि वायफायसाठी आरपी-एसएमए. साफसफाईला म्हणून, किंवा चवथीला घर रंगवताना सगळे अँटेने काढले जातात आणि परत लावताना अदलाबदल होते. नट सगळीकडे बसतो, त्यामुळे कोणाला शंका येत नाही. एका झटक्यात दोन दोष होतात, वायफायच्या पोर्टवर पिनेवर पिन आणि फोरजीच्या पोर्टवर भोकावर भोक. सिमचा सिग्नलही गेला आणि वायफायही गेलं अशी तक्रार एकाच दिवशी आली की मी फोनवरच विचारतो, घर रंगवलं काय हल्ली? काढायच्या आधी अँटेनाला आणि पोर्टला एकाच रंगाची चिकटपट्टी लावून ठेवा, पाच रुपयांचं काम आहे.

नट किती फेऱ्या घेतो ते मोजा. राउटरसोबत आलेला मूळ अँटेना हाताने लावून बघा आणि किती फेऱ्यांत बसतो ते मोजा. या आट्यांना एका इंचात ३६ चढ असतात, म्हणजे एका फेरीला नट साधारण ०.७ मिमी आत जातो. मूळ अँटेनापेक्षा नवीन एक-दीड फेरी आधीच अडला तर आत काहीतरी आडवं येतंय, बहुतेक पिनेला पिन. इथे पक्कड घेऊन पिळू नका. बरोबर जोडी असेल तर अँटेना दोन बोटांनी पूर्ण बसतो, पक्कड लागतेय म्हणजेच काहीतरी चुकलंय. फेऱ्या मोजण्याने भोकावर भोक मात्र पकडता येत नाही, त्यात नट अगदी सरळ पूर्ण बसतो, म्हणून ही तपासणी डोळ्यांनी बघण्याच्या ऐवजी नाही, तिच्यानंतर करायची.

आता फोनवर सिग्नल मोजा. वायफाय अ‍ॅनालायझरसारखं कुठलंही फुकट अ‍ॅप चालेल, फक्त त्यात डीबीएममध्ये आकडा दिसला पाहिजे, कांड्यांवरून काही कळत नाही. राउटरपासून ठरावीक जागी, मी नेहमी तीन मीटरवर खुर्ची ठेवतो, फोन खुर्चीवर तसाच ठेवून अर्धा मिनिट आकडा बघायचा. हातात धरून मोजू नका, हाताने आकडा बदलतो. मूळ अँटेना लावून एकदा, नवीन लावून एकदा, आणि घरगुती राउटर असेल तर अँटेना काढून थोडा वेळ एकदा. आकडा उणे असतो, शून्याच्या जितका जवळ तितका चांगला. तीन मीटरवर मधे काही नसेल तर उणे चाळिशीत यायला हवा. नवीन अँटेनाने उणे साठ येतोय आणि अँटेना नसतानाही उणे साठच्या आसपास, म्हणजे अँटेना जोडलेलाच नाही असं समजा. वीस डीबीचा फरक म्हणजे शंभरपट कमी ताकद, हे लक्षात ठेवा.

राउटरला दोन-तीन अँटेने असतील तर या मोजणीत एक अडचण आहे. एक चुकीचा आणि एक बरोबर असेल तर बरोबरवाला आकडा सावरून धरतो आणि तुम्हाला दोष दिसतच नाही, फक्त वेग अर्धा होतो. राउटरवर कंपनीच्या सॉफ्टवेअरऐवजी ओपनडब्ल्यूआरटी हे फुकट सॉफ्टवेअर टाकलेलं असेल तर इथे फार छान सोय आहे, प्रत्येक अँटेनाचा आकडा वेगळा मिळतो. आधी पहिल्या कमांडने इंटरफेसचं नाव बघून घ्या, मग ते दुसरीत घाला:

```
iw dev
iw dev wlan0 station dump | grep signal
```

उत्तरात असं काहीतरी येतं:

```
signal:  -50 [-50, -71] dBm
```

बाहेरचा आकडा सगळ्यांचा मिळून आणि चौकटी कंसातले एकेका अँटेनाचे. फोन जवळ ठेवून जरा फिरवून बघा, दोघांत पाच-सहाचा फरक पडणं नेहमीचं आहे, फोन कसा धरलाय त्यावर तो इकडचा तिकडे होतो. पण एक आकडा सतत वीसने मागे असेल आणि फोन कुठेही नेला तरी तोच मागे राहत असेल, तर त्या अँटेनाचा कनेक्टर बघा. दोन अँटेने अदलाबदल करून परत मोजा. दोष अँटेनाबरोबर सरकला तर अँटेना वाईट, जागेवरच राहिला तर राउटरचा पोर्ट वाईट. माझ्या मते ही एक कसोटी बाकी सगळ्यांपेक्षा भारी आहे, कारण ती वाद मिटवते.

सावईवेऱ्याचं कुळागर

एक काम सविस्तर सांगतो, कारण त्यात एकाच केबलने दोन्ही टोकांना दोन्ही चुका केल्या होत्या. सावईवेऱ्याच्या बाजूला एक कुळागर आहे, घरापासून मांगर साधारण साठ मीटरवर, मांगरात पंप आणि सुपारी, म्हणून तिथे वायफायवाला कॅमेरा बसवलेला. कॅमेऱ्याच्या अ‍ॅपमध्ये सिग्नल उणे ६७ होता, चालत होता पण पावसाळ्यात अधूनमधून तुटायचा. मालकांनी विचार बरोबरच केला, की राउटरच्या दोनपैकी एक अँटेना चिऱ्याच्या भिंतीबाहेर न्यावा. त्यांनी पाच मीटरची बारीक काळी केबल आणि ९ डीबीआयचा, म्हणजे सिग्नल जास्त जोरात फेकणारा, लांब अँटेना मागवला आणि स्वतः लावला. कॅमेरा उणे ७४ वर गेला आणि रात्री तर बंदच पडायला लागला. मला फोन आला, "भाऊ, राउटर गेला वाटतं, नवीन कुठला घेऊ?"

मी गेलो तेव्हा आधी राउटरकडचं टोक सोडवलं. राउटरला बाहेरून आटे, मध्ये पिन. केबलच्या नटातही पिन. नट दीड-दोन फेऱ्याच गेलेला, पुढे पक्कडीच्या खुणा. मग बाहेरचं टोक बघितलं, केबलच्या या बाजूला बाहेरून आटे आणि भोक, अँटेनाच्या नटातही भोक. म्हणजे केबल दोन्ही बाजूंनी साधी एसएमए आणि राउटर व अँटेना दोन्ही आरपी. आत पिनेवर पिन, बाहेर भोकावर भोक. कॅमेरा जो काही चालत होता तो घरात राहिलेल्या दुसऱ्या अँटेनावर.

केबल काढून मूळ अँटेना परत लावला तर कॅमेरा उणे ६७ वर यायला हवा होता, पण ७१ च्या पुढे येईना. भिंग लावून बघितलं तर राउटरची पिन एका बाजूला झुकलेली. राउटर बंद ठेवून लाकडी टूथपिकने हळू एकदाच सरळ केली. एकदाच, कारण एवढी बारीक पिन दोनतीनदा इकडेतिकडे केली की तुटते. मूळ अँटेनाचं भोकही तपासलं, कारण वाकडी पिन आत घुसली की नळी फाकते आणि मग चांगल्या पिनेवरही ती सैल बसते. एक खराब कनेक्टर असाच दुसऱ्यांना खराब करत जातो, म्हणून शंका असेल तर नवीन अँटेना त्याच्यावर चढवू नका. या वेळी नळी ठीक होती, आकडा उणे ६७ वर परत आला.

मग केबलचा हिशेब मांडला, कारण नुसती बरोबर कनेक्टरची पाच मीटर केबल आणली असती तरी फायदा थोडाच झाला असता. त्या बारीक आरजी१७४ केबलमध्ये २.४ गिगाहर्ट्झला मीटरमागे साधारण २ डीबी जातात. पाच मीटरला दहा, म्हणजे दहातला एकच भाग अँटेनापर्यंत पोचतो. जुना अँटेना ५ डीबीआयचा होता, नवीन ९ चा, फायदा ४. चार कमावले आणि दहा घालवले. मी राउटरच भिंतीजवळ सरकवला, भिंतीला भोक पाडलं आणि एक मीटरची केबल घेतली, एका टोकाला नटात भोक, दुसऱ्या टोकाला बाहेरून आटे आणि पिन. दोन घालवले, चार कमावले आणि मुख्य म्हणजे मधली चिऱ्याची भिंतच गेली. कॅमेरा उणे ५८ वर आला. कनेक्टरच्या चुकीच्या आड केबलच्या लांबीची चूक लपलेली असते, हे मी या कामापासून नेहमी तपासतो.

मल्टिमीटर असेल तर

केबलसाठी उपयोगी आहे. एका टोकाची मधली तार ते दुसऱ्या टोकाची मधली तार, बीप व्हायला हवा. कवच ते कवच बीप. मधली तार ते कवच, बीप होता कामा नये, झाला तर केबल आत शॉर्ट आहे. मीटरची जाड सळई भोकात खुपसू नका, नळी फाकेल, बारीक टाचणी हलकेच आत टेकवून तिच्यावर सळई धरा. अँटेनावर मात्र या मीटरचा निकाल मानू नका. काही चांगल्या अँटेनांमध्ये मध्य आणि कवच आतून मुद्दाम जोडलेले असतात, मीटरला ते शॉर्ट दिसतात आणि तरी ते ठणठणीत असतात, आणि काहींत काहीच दिसत नाही.

विकत घेताना

दुकानात म्हापशाला जा की पणजीला, राउटरचा अँटेना सोबत न्या आणि त्याच्यासारखाच मागा. ऑनलाइन घेत असाल तर साध्या वायफाय राउटरसाठी `RP-SMA male antenna` असं शोधा, पण ऑर्डर करायच्या आधी बुडाचा फोटो मोठा करून नटात भोक आहे ते बघा. फोटोच नसेल तर घेऊ नका. पिनवाला अँटेना आधीच घेऊन झाला असेल तर फेकू नका, छोटा जोडकनेक्टर मिळतो. त्याच्या एका बाजूला नटात भोक हवं, ते राउटरवर बसेल, आणि दुसऱ्या बाजूला बाहेरून आटे आणि भोक, त्यात तुमचा पिनवाला अँटेना. त्यात सिग्नल फारसा जात नाही, पण अँटेना लांब आणि जड असेल तर तो जोड राउटरच्या पोर्टवर तरफेसारखा भार टाकतो, मग अँटेनाला भिंतीवर आधार द्या.

बाहेर लावलेल्या जोडाचं एक, मोरजी-मांद्र्याच्या किनाऱ्याकडे खाऱ्या हवेने आणि सगळीकडेच पावसाने कनेक्टर हिरवा पडतो. जोडी बरोबर आहे आणि तरी वर्षाने सिग्नल पडला तर हे बघा. जोड बसवल्यावर स्वतःला चिकटणारी रबराची टेप ताणून गुंडाळा आणि जोडाच्या खाली केबलला एक झोळ द्या म्हणजे पाणी त्या झोळावरून गळून जाईल, कनेक्टरमध्ये शिरणार नाही.

इथे थांबा आणि माणूस बोलवा

जोडी बरोबर आहे, पिन सरळ आहे, दुसरा खात्रीचा अँटेना लावून बघितला आणि तरी एकाच पोर्टचा आकडा वीसने मागे आहे, तर दोष राउटरच्या आत आहे. अँटेना फिरवताना राउटरवरचा पोर्टच सोबत फिरत असेल तर तेही आतलंच. आत पोर्टपासून बोर्डापर्यंत एक केसासारखी वायर जाते आणि तिच्या टोकाला टिकलीएवढा दाबून बसवायचा कनेक्टर असतो, जो साधारण तीसएक वेळाच काढण्या-घालण्यासाठी बनवलेला असतो. पोर्ट फिरला की ती वायर पिळवटते. वॉरंटी असेल तर उघडूच नका, तसाच परत द्या. वॉरंटी संपली असेल तर मोबाइल दुरुस्त करणाऱ्यांपैकी जो बारीक सोल्डर करतो त्याच्याकडे द्या, आणि पोर्ट, वायर मिळून किती होतात ते आधी विचारा, कारण स्वस्तातल्या राउटरला ते परवडत नाही.

पिन तुटून अँटेनाच्या भोकात अडकली असेल तर ती सुईने उकरू नका, त्या अँटेनासकट दुरुस्तीला न्या. छपरावर, माडावर किंवा खांबावर अँटेना असेल आणि खाली उतरवता येत नसेल, तर चढायचं काम ज्याचं त्यालाच करू द्या, पावसाळ्यात तर नक्कीच, चिऱ्यावर आणि कौलांवर शेवाळ असतं. आणि वीज जवळपास पडून गेल्यावर हा दोष सुरू झाला असेल तर कनेक्टर तपासत वेळ घालवू नका, राउटर, त्याचा ॲडॅप्टर आणि बाहेरची केबल तिन्ही एकत्र तपासून घ्या, तोपर्यंत बाहेरून आलेली केबल राउटरपासून सोडवून ठेवा.